सोलापूरच्या टॉवेल कंपनीची ऑडिट कमिटी: ऑडिटरला काय विचारू, आणि कधी?

निवृत्त_बँकवाली | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. मी सोलापूरचीच. नोकरी सगळी बँकेत झाली, शेवटची दहा वर्षं कर्ज विभागात. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कंपनीनं मला स्वतंत्र संचालक म्हणून घेतलं. कंपनी पब्लिक लिमिटेड आहे, पण शेअर बाजारात नोंदलेली नाही. उलाढाल साधारण १४० कोटी, बँकेचं कर्ज ६० कोटींच्या वर. ऑडिट कमिटीत आम्ही तिघं: मी, एक निवृत्त टेक्स्टाइल इंजिनिअर आणि प्रवर्तकांच्या घरातले एक संचालक. अध्यक्ष मी आहे.

गेल्या वर्षी ३० ऑगस्टला हिशेबांची बैठक झाली. आमची पाच वाजता, बोर्डाची साडेपाचला. ऑडिटर साहेब आले, चहा झाला, म्हणाले, "सगळं क्लीन आहे मॅडम, बारीकसारीक मुद्दे होते ते अकाउंट्सशी बोलून मिटवलेत." वीस मिनिटांत आम्ही शिफारस करून मोकळे.

नंतर छापील अहवाल घरी निवांत वाचताना कॅरोच्या, म्हणजे सरकारी आदेशाप्रमाणे ऑडिटरनं ठरलेल्या मुद्द्यांवर द्यायच्या माहितीच्या, परिशिष्टात एक तक्ता दिसला. डिसेंबर तिमाहीला बँकेला कळवलेला स्टॉक १८.४० कोटी, पुस्तकातला १६.०५ कोटी. फरक २.३५ कोटी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालावर किती कर्ज उचलता येईल ती मर्यादा, काढली आहे. २५ टक्के मार्जिन धरलं तर या फरकावर सुमारे १ कोटी ७६ लाख जास्त उचल मिळते. ही गोष्ट मला छापून आल्यावर कळावी, याचं फार वाईट वाटलं. त्या रात्री झोप लागली नाही.

ऑडिटरनी हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं का? यंदा २८ ऑगस्टला बैठक आहे आणि त्यांच्या फर्मची मुलं सध्या आमच्या ऑफिसात बसून काम करतायत. मी आता काय विचारू, आणि २८ तारखेपर्यंत थांबू का?

---

धोटा_आणि_हिशेब | ६ जुलै, रात्री १०:१५

ताई, ऑडिट कमिटी लिस्टेड कंपनीलाच लागते. तुमची हौसेनं केलेली असणार, तेव्हा ऑडिटरवर तसं काही बंधन नाही. शिवाय कॅरोत छापलं म्हणजे त्यानं कळवलंच की. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी वीस वर्षं चादरीच्या कारखान्यात अकाउंट्स बघतोय, ऑडिटर जे लिहून देतो तेच त्याचं बोलणं.

---

ताळेबंद | ७ जुलै, सकाळी ७:०५

धोटाभाऊ, दोन्ही मुद्दे तपासून बघा.

कंपनी कायद्याचं कलम १७७ शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरतं नाही. बाजारात न नोंदलेल्या पब्लिक कंपनीचं भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा जास्त असेल, उलाढाल १०० कोटी किंवा जास्त असेल, किंवा कर्ज, डिबेंचर, ठेवी मिळून ५० कोटींच्या वर असतील, तर यातल्या एकानेही कमिटी बंधनकारक होते. ताईंची कंपनी दोन निकषांत बसते. पूर्ण मालकीच्या उपकंपनीसारखे काही अपवाद आहेत, पण इथे तो विषय दिसत नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ऑडिट रिपोर्ट भागधारकांसाठी असतो. कारभारावर देखरेख करणाऱ्यांशी, म्हणजे ताईंच्या कमिटीशी, ऑडिटरनं बोलायचं हे एसए २६० या ऑडिटच्या मानकातलं वेगळं कर्तव्य आहे. सुधारित एसए २६० हे १ एप्रिल २०१७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांच्या ऑडिटला लागू आहे आणि त्यात लिस्टेड-अनलिस्टेड असा भेद फक्त एक-दोन जागी आहे. स्वातंत्र्याबद्दलचं लेखी निवेदन फक्त लिस्टेडला सक्तीचं, बाकी जवळजवळ सगळं सगळ्यांना. रिपोर्टमध्ये छापलं म्हणून कमिटीला सांगितलं असं होत नाही, कारण कमिटीनं काही करावं यासाठी ते वेळेत कळावं लागतं. सही झाल्यावर कळलेली गोष्ट कमिटीच्या काही उपयोगाची नाही.

ताई, तुमचे ऑडिटर "अकाउंट्सशी बोलून मिटवलं" म्हणाले ना, खरी मेख तिथे आहे. व्यवस्थापनाशी बोलून झालं तरी तुमच्याशी बोलायची जबाबदारी संपत नाही. उलट व्यवस्थापनाशी कोणत्या मोठ्या विषयांवर चर्चा झाली हेसुद्धा तुम्हाला सांगायचं असतं.

आता वेळेचं. कामाची व्याप्ती आणि वेळापत्रक यावर बोलणं ऑडिटच्या सुरुवातीला व्हायला हवं. टॉवेलच्या कंपनीत त्याचा अर्थ मार्चच्या आत. कारण ३१ मार्चला गोदामात मोजणी होते तेव्हा ऑडिटरचा माणूस कुठे उभा राहणार, जॉबवर्कला बाहेर गेलेला माल कसा तपासणार, हे मोजणी उरकल्यावर विचारून काय मिळणार? ती संधी या वर्षीपुरती गेली. पण २८ ऑगस्टपर्यंत थांबू नका. जुलैतच अर्ध्या दिवसाची बैठक बोलवा, मॅनेजमेंटशिवाय.

---

पतसंस्थावाला | ७ जुलै, सकाळी ९:३०

आमच्या पतसंस्थेत हे फार सोपं आहे. लेखापरीक्षक अहवाल देतो, त्यातल्या प्रत्येक दोषाला आम्ही दोषदुरुस्ती अहवाल करतो, 'ओ' नमुन्यात, आणि निबंधकाकडे पाठवतो. सगळं कागदावर. कंपनीत तसं नसतं का? ताईंनी ऑडिटरकडे दोषांची यादी मागावी, मॅनेजमेंटनं दुरुस्ती लिहून द्यावी, विषय संपला.

---

ताळेबंद | ७ जुलै, सकाळी ९:५५

सहकार कायद्यातली कलम ८२ ची ती वाट वेगळी. तिथे अहवाल झाल्यानंतर दोष दुरुस्त होतात. ताईंचा प्रश्न अहवालाच्या आधीचा आहे. एवढं मात्र खरं, की तुमच्याकडची लिहून घ्यायची शिस्त कंपन्यांनीही उचलण्यासारखी आहे. अंतर्गत नियंत्रणातली मोठी उणीव ऑडिटरनं कमिटीला लेखीच कळवायची असं एसए २६५ म्हणतं, तोंडी चालत नाही.

---

मागवाला | ७ जुलै, दुपारी १:२०

काय ओ ताळेबंद सर, आमची प्रायव्हेट लिमिटेड हाय, अशोक चौकात चाळीस माग. डायरेक्टर मी आणि माझा भाऊ. आमचा सीए वर्षातनं एकदा येतो आणि सही घेतो. त्यानं आम्हाला पण असं पत्र द्यायला पायजे का? का आमच्याकडं कमिटी नाही म्हणून सुटला तो?

---

ताळेबंद | ७ जुलै, दुपारी १:५०

सुटला नाही. पण तुमच्याकडे कारखाना चालवणारे आणि त्यावर देखरेख ठेवणारे तेच दोघं भाऊ आहात. सगळे संचालक रोजच्या कामात असतील तर एकदा व्यवस्थापक म्हणून सांगितलेली गोष्ट पुन्हा संचालक म्हणून वेगळी सांगावी लागत नाही. फक्त जे सांगायचं ते एकट्या धाकट्याला सांगून भागणार नाही, दोघांपर्यंत पोचलंय याची खात्री करायची.

---

कंपनी_सचिव_जुळे | ७ जुलै, संध्याकाळी ७:१५

ताई, मी जुळे सोलापूरची, एका कंपनीत सचिव आहे. वेळेबद्दल उलटा हिशेब करून दाखवते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. तिची सूचना २१ पूर्ण दिवस आधी, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद बाहेर पडलेच पाहिजेत. २८ ऑगस्टला तुम्ही एखाद्या नोंदीवर हरकत घेतलीत, तर ती बदलायला, टॅक्स पुन्हा काढायला, छपाईला हातात जेमतेम आठवडा. तेवढ्यात कुणीही तुम्हाला म्हणणार, "मॅडम, पुढच्या वर्षी बघू." म्हणून हरकतीचे मुद्दे जुलैत समोर यायला हवेत आणि ऑगस्टची बैठक फक्त मोहोर उठवायला असावी.

दुसरं, इतिवृत्त. ऑडिटर तोंडी बोलले तरी ते कोणाला, कधी, काय बोलले हे त्यांना स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. तुमच्या इतिवृत्तात ते नीट आलं तर त्याची प्रत ते फाइलला लावू शकतात. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी इतिवृत्तात एकच ओळ असते: "समितीने लेखापरीक्षकांशी चर्चा केली." पुढे कोणी विचारलं तर त्या ओळीतून तुम्ही काय विचारलंत ते कोणालाच कळणार नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून घ्या.

---

आर्टिकल_ते_सीए | ७ जुलै, रात्री ११:०५

मी ऑडिट फर्ममध्येच आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. आमच्या एका क्लायंटकडे मी स्वतः सात मुद्द्यांचं पत्र केलं होतं, वर लिहिलं होतं "ऑडिट कमिटीसाठी". मेल गेला फायनान्स प्रमुखांना, कारण आमच्याकडे त्यांचाच पत्ता होता. तो पुढे गेलाच नाही. आम्हाला वाटलं कळवलं, कमिटीला वाटलं ऑडिटर गप्प आहे. वर्षभरानं उलगडा झाला. ताई, तुमचा मेल आयडी ऑडिटरकडे आहे का, हे आधी बघा.

---

निवृत्त_बँकवाली | ८ जुलै, सकाळी ८:१०

आर्टिकल दादा, नव्हता! आत्ताच सचिवांना विचारलं. गेली दोन वर्षं सगळं अकाउंट्सच्या सामायिक मेलवर जात होतं. आजच माझा आणि इंजिनिअर साहेबांचा पत्ता दिला.

२२ जुलैला बैठक लावली आहे. ताळेबंद सर, अर्धा दिवस मिळाला तर कोणते प्रश्न आधी घेऊ? यादी मोठी नको, मला प्रत्येकाच्या मुळापर्यंत जायचं आहे.

---

ताळेबंद | ८ जुलै, सकाळी १०:४०

मग तीनच घ्या.

पहिला: "तुम्हाला सापडलेले आणि मॅनेजमेंटनं दुरुस्त न केलेले फरक कोणते?" तोंडी सारांश घेऊ नका, तक्ता मागा. तो तक्ता असतोच. मॅनेजमेंट ऑडिटरला जे रिप्रेझेंटेशन लेटर देते त्याला ही यादी जोडावी लागते, "हे फरक एकेकटे आणि मिळूनही महत्त्वाचे नाहीत" अशा वाक्यासकट. त्या पत्राचा मसुदाही मागा. मॅनेजमेंटकडून कोणत्या गोष्टी लिहून मागितल्या, हे ऑडिटरनं तुम्हाला सांगायचंच असतं. आणि एसए ४५० प्रमाणे न सुधारलेले फरक सुधारा, अशी विनंती त्यांनी तुम्हाला करायची असते. गेल्या वर्षी केली होती का, विचारा.

दुसरा: "कोणत्या अंदाजावर तुमचं आणि मॅनेजमेंटचं पहिल्यांदा जुळलं नाही, आणि शेवटी कोण कुठे सरकलं?" लिस्टेड कंपनीत असे विषय की ऑडिट मॅटर म्हणून रिपोर्टमध्येच येतात. तुमच्याकडे ते बंधन नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय कळायचा मार्गच नाही. उत्तर "तसं काही नव्हतं" आलं तर पुढचा प्रश्न, "सगळ्यात जास्त तास कोणत्या विषयाला गेले?"

तिसरा तुमचा डिसेंबरचा २.३५ कोटींचा. कारण काय, ती नियंत्रणातली मोठी उणीव मानली की नाही, नसेल तर का नाही, आणि यंदाच्या तिमाह्यांत काय दिसतंय.

सुरुवातीला सीएफओ असू द्या, शेवटचा अर्धा तास त्यांना बाहेर पाठवा. यात कुणाचा अपमान नाही. वर्षातून एकदा तरी असं बसावं, हे एसए २६० मध्येच चांगली पद्धत म्हणून सांगितलं आहे.

---

धोटा_आणि_हिशेब | ८ जुलै, दुपारी १२:३०

एवढं खोदलं तर ऑडिटर पुढच्या वर्षी फी वाढवेल नाहीतर काम सोडेल. आणि २.३५ कोटी म्हणजे एक कोटीच्या वर, मग थेट केंद्र सरकारला फसवणूक कळवायचा एडीटी-४ फॉर्म जायला पाहिजे. ते गेलं नाही म्हणजे ऑडिटरला त्यात काही दिसलं नाही.

---

ताळेबंद | ८ जुलै, दुपारी १:१५

एडीटी-४ फरकाच्या रकमेवर जात नाही. अधिकाऱ्यानं किंवा कर्मचाऱ्यानं कंपनीची फसवणूक केलीय असं मानायला ऑडिटरला कारण असेल आणि रक्कम एक कोटी किंवा जास्त असेल, तर तो रस्ता. तेव्हाही आधी दोन दिवसांत बोर्डाला किंवा ऑडिट कमिटीला कळवून ४५ दिवसांत उत्तर मागायचं असतं. म्हणजे ते पत्र ताईंना आलं असतं. चुकून दोनदा मोजलेला माल आणि मुद्दाम फुगवलेला माल, दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. म्हणून कारण विचारायचं.

---

निवृत्त_बँकवाली | २३ जुलै, रात्री ८:५०

काल बैठक झाली. साडेतीन तास. जे कळलं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्याशिवाय मी हे विचारू शकले नसते.

आधी डिसेंबरचा फरक. २.३५ कोटींपैकी १.६० कोटी हा रंगाईला आणि शिलाईला बाहेर गेलेला माल. स्टोअरनं तो गोदामाच्या रजिस्टरमधून वजा केलाच नव्हता आणि "बाहेरचा माल" या यादीतही घेतला. दोनदा मोजला. उरलेले ७५ लाख म्हणजे बिल झालेला, पण ट्रकची वाट बघत थप्पीला असलेला माल. विक्रीतही आणि स्टॉकमध्येही. स्टेटमेंट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत गेलं, एकाच क्लार्कनं केलं, त्याच्यावर कुणी नजर टाकली नाही. ऑडिटर म्हणाले की मार्चअखेर मोजणी जुळली, म्हणून मोठी उणीव मानली नाही आणि फायनान्स प्रमुखांना तोंडी सांगितलं. यंदा सप्टेंबर तिमाहीत ४० लाखांचा फरक पुन्हा आहे, कारण तेच. मी विचारलं, दोन वर्षं तीच चूक, अजूनही मोठी नाही? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लेखी देतो.

आता तक्ता. यंदाचा करपूर्व नफा ४.२० कोटी. त्याच्या ५ टक्के, म्हणजे २१ लाख ही त्यांची पातळी; त्याच्या वरचा फरक ते महत्त्वाचा मानतात. न सुधारलेले फरक तीन. रिजेक्ट टॉवेलचा साठा, नफा ७ लाखांनी जास्त. मार्चमध्ये आलेलं सूत स्टॉकमध्ये मोजलं पण बिल एप्रिलमध्ये घेतलं, नफा ६ लाखांनी जास्त. विजेची तरतूद जरुरीपेक्षा जास्त केली, नफा ५ लाखांनी कमी. निव्वळ ८ लाख.

पण मला ते ७ लाख कळत नाहीत. तो रिजेक्ट माल मी स्वतः जाऊन पाहिला. गोदामाच्या मागच्या भिंतीला पत्र्याखाली गठ्ठे लावलेत, खडूनं "आर" लिहिलंय. एका हॉटेलसाठी केलेले गडद निळे टॉवेल, प्रत्येक गठ्ठ्याची शेड वेगळी. एक उघडायला लावला तर घडीच्या कडेला रंग फिका पडलेला. २० टन आहे, किलोला ३१० रुपये खर्चानं ६२ लाख धरलाय. जूनमध्ये त्यातला २ टन २२० रुपयांनी विकला गेला. म्हणजे सगळ्याची किंमत ४४ लाख. मग फरक १८ लाख यायला हवा ना? ७ कुठून आले?

---

ताळेबंद | २३ जुलै, रात्री १०:०५

ताई, हाच प्रश्न विचारायला कमिटी असते.

हा माल गेल्या वर्षीही होता. तेव्हा बाजारभावानं किती येत होता, ते विचारलंत का? माझा अंदाज, गेल्या वर्षीच्या कागदात ११ लाखांचा फरक असेल आणि तोही सुधारला नसेल.

---

निवृत्त_बँकवाली | २३ जुलै, रात्री १०:२०

आत्ता फाइल उघडली. बरोबर ११ लाख! गेल्या वर्षी २५५ रुपये किलो धरून ५१ लाख. आम्हाला दाखवलंच नव्हतं.

---

ताळेबंद | २३ जुलै, रात्री ११:१०

मग गणित असं आहे. यंदा अखेरचा साठा १८ लाखांनी फुगलेला. पण सुरुवातीचा साठाही ११ लाखांनी फुगलेला होता, आणि सुरुवातीचा साठा नफ्यातून वजा होतो. म्हणून यंदाच्या नफ्यावर परिणाम दिसतो १८ वजा ११, म्हणजे ७ लाख. हे चूक नाही. फक्त अर्धं चित्र आहे.

आता ताळेबंदाच्या बाजूनं बघा. ३१ मार्चला साठा १८ लाखांनी जास्त, सुताची देणी ६ लाखांनी कमी, विजेची तरतूद ५ लाखांनी जास्त. मालमत्ता आणि देणी मिळून भागधारकांचा निधी १९ लाखांनी फुगलेला. पातळी २१ लाखांची. नफ्याकडून बघितलं तर ८, आरामात आत. ताळेबंदाकडून बघितलं तर १९, अगदी काठावर. शेड बिघडलेल्या मालाचा भाव वर्षाला पडतोच. पुढच्या मार्चला किलोमागे आणखी ३० रुपये उतरले तर उरलेल्या १८ टनांवरच २१ लाख ६० हजारांचा फरक, म्हणजे या पातळीच्या वर. त्या वर्षीच्या कमिटीला एकदम मोठा धक्का बसेल आणि तो तुमच्या वर्षातला असेल.

गेल्या वर्षीच्या न सुधारलेल्या फरकांचा यंदावर काय परिणाम होतो हेसुद्धा कळवायचं, असं एसए ४५० यासाठीच म्हणतं. ऑडिटरला सांगा, तक्त्यात दोन रकाने करा: नफ्यावर किती, ताळेबंदावर किती. आणि वजावट करून निव्वळ आकडा दाखवण्याआधी तिन्ही फरक सुटे दाखवा. विजेच्या तरतुदीनं टॉवेलची चूक झाकली जाऊ नये.

---

धोटा_आणि_हिशेब | २४ जुलै, सकाळी ९:००

१९ असो की ८, २१ च्या आतच आहे ना? मग रिपोर्ट क्लीन. नियमानं ऑडिटर बरोबर आहे. १४० कोटींच्या कंपनीत १८ लाखांसाठी एवढं?

---

ताळेबंद | २४ जुलै, सकाळी ९:४०

रिपोर्ट क्लीन राहू शकतो, हे मान्य. ती पातळी रिपोर्ट बदलायचा की नाही हे ऑडिटरनं ठरवण्यासाठी आहे. चूक माहीत असताना ती पुस्तकात ठेवायची की नाही, हे कमिटीनं विचारायचं. ठेवायची असेल तर कारण काय, ते मॅनेजमेंटनं सांगायचं. ६ लाखांच्या सूतबिलाला तर काहीच कारण नाही, ती एक जर्नल नोंद आहे.

---

कंपनी_सचिव_जुळे | २४ जुलै, सकाळी ११:२५

आणि तुम्ही दुरुस्तीची शिफारस केलीत आणि बोर्डानं ती नाकारली, तर कलम १७७ प्रमाणे बोर्डाच्या अहवालात ते कारणासकट छापावं लागतं. बहुतेक वेळा एवढं आठवण करून दिलं की चर्चा व्यवस्थित होते.

---

निवृत्त_बँकवाली | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

काय झालं ते सांगते. सुताची नोंद आणि विजेची तरतूद दोन्ही दुरुस्त झाल्या. स्टॉक स्टेटमेंटबद्दल ऑडिटरांचं लेखी पत्र आलं. त्यात जॉबवर्कच्या मालाचं रजिस्टर आणि दोन सह्यांची पद्धत सुचवली आहे. ऑगस्टचं स्टेटमेंट मी स्वतः बघणार आहे. बँकेला सुधारित आकडे कळवण्याबद्दल मी बोर्डासमोर विषय ठेवला आहे.

रिजेक्ट मालावर मात्र गाडी अडली आहे. एमडी म्हणतात, जूनमध्ये विकलेले २ टन सगळ्यात खराब गठ्ठे होते, उरलेल्याला हैदराबादचा एक व्यापारी २८० देतोय. ऑडिटर म्हणतात, ऑर्डर दाखवा. ऑर्डर नाही, फोनवरचं बोलणं आहे. आमचे इंजिनिअर साहेब म्हणतात, शेडचा दोष सगळ्या मालात सारखा आहे, खराब-चांगलं असं काही नाही, पण तेही सगळे गठ्ठे उघडून पाहिलेले नाहीत. मला ऑडिटरचं पटतं. पण उद्या खरंच २८० नं गेला तर आपण उगाच नफा कमी दाखवला असं होईल का?

---

ताळेबंद | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

२८० ला गेला तरी १८ टनांवर किलोमागे ३० रुपये तोटा राहतोच, ५ लाख ४० हजार. वर विकून झालेल्या २ टनांवर ९० रुपयांनी १ लाख ८० हजार. म्हणजे एमडींचा भाव मान्य केला तरी ७ लाख २० हजार कापावेच लागतात. तेवढं आजच कापून घ्या, त्यावर वाद नाही. वाद आहे २२० आणि २८० मधल्या १० लाख ८० हजारांचा. त्यावर माझंही मत पक्कं नाही. वर्षअखेरनंतरची प्रत्यक्ष विक्री हा चांगला पुरावा, पण २० पैकी २ टन हा नमुना लहान आहे. इंजिनिअर साहेबांना प्रत्येक थरातला गठ्ठा उघडून शेड तपासून लेखी नोंद करायला सांगा. ऑडिटरला ती वापरता येईल.

---

मागवाला | ३ ऑगस्ट, सकाळी ७:४५

ताई, निळ्या गडद शेडचा सेकंड माल २८० नं हैदराबादला कोण घेतंय, त्याचा नंबर एमडीसाहेबांकडनं घ्या. आमच्याकडं पण तीन टन पडलाय, आम्हाला २१५ च्या वर कोण विचारत नाही.

---

निवृत्त_बँकवाली | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दादा, तुमचा २१५ चा एखादा पक्का व्यवहार झाला असेल, तर तो चालू बाजारभाव म्हणून ऑडिटरांना सांगू का? बिल दाखवायची तयारी आहे का तुमची? इंजिनिअर साहेब गुरुवारी गोदामात जाणार आहेत, त्याआधी कळलं तर बरं.

---

मागवाला | ३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

बिल हाय, जूनचं. पाठवतो.